भोंग्याचा नवा बोर्ड

लिमाहून सकाळच्या बसने बोर्ड आला आणि इर्मा पालोमिनोने पहिलं काम केलं ते हे, की वरच्या खडकावर पहारा देत बसलेल्या सातुर्निनोकाकांना फोन लावला.

"काका, आला बोर्ड. या आता खाली."

"लावलास?"

"लावतेच आहे. तुम्ही या. गुडघे दुखत असतील."

गुडघे दुखतच होते, त्यामुळे काकांनी पुढे काही विचारलं नाही. वीज पडून शाळेच्या छतावरचा बोर्ड जळाला तेव्हापासून म्हातारा रोज उजाडताच त्या खडकावर जाऊन बसत होता. सोबत भाजलेल्या मक्याची पिशवी आणि ग्रामदेवतेच्या जत्रेतून उरलेल्या दारूच्या बाणांचा जुडगा. घळीत लोंढा दिसला की बाण उडवायचे, एकामागोमाग एक, म्हणजे खालच्या वस्तीने जे अंगावर असेल त्यानिशी चढ गाठायचा. भोंगा यायच्या आधी कोयामार्का गावात अशीच रीत होती. पावसाळ्याचे तीन महिने घरटी एक माणूस पाळीने खडकावर बसायचा. भोंगा आला आणि पाळ्या मोडल्या. यंत्र आलं की माणूस आधी पाठ टेकतो, हे काही फक्त कोयामार्कातच होत नाही.

भोंग्याची करामत साधी होती. घळीच्या वरच्या अंगाला, जिथे दोन्ही कडे जवळ येतात, तिथे आडव्या तीन तारा ताणलेल्या. चिखल आणि दगडगोट्यांचा लोंढा, ज्याला इथे वाइको म्हणतात, तो आला की तार तुटायची. तार तुटली की तिथली पेटी रेडिओवरून निरोप धाडायची, आणि शाळेच्या छतावरचा तळहाताएवढा बोर्ड तो निरोप ओळखून भोंगा चालू करायचा. वरून लोंढा वस्तीपर्यंत पोचेपर्यंत म्हातारा माणूसही चढ चढून जाईल एवढा वेळ मिळायचा. दोन पावसाळ्यांत भोंगा तीनदा वाजला. तिन्ही वेळा घरं गेली, कोंबड्या गेल्या, माणूस एकही गेला नाही.

हे सगळं बसवलं होतं उलिसेस बारांतेस नावाच्या इंजिनिअरने, लिमाच्या एका संस्थेतर्फे. तो गेल्यावर त्याची देखभाल आली इर्माकडे, कारण शाळेत संगणक शिकवणारी ती एकटी. तिलाही ते आवडायचं. गावात तिला 'प्रोफे' म्हणायचे ते शाळेमुळे, पण मान द्यायचे ते भोंग्यामुळे.

शाळेकडे जाण्याआधी ती वाट वाकडी करून पापांकडे गेली. डॉन एव्हारिस्तो पालोमिनो घळीच्या तोंडाशी राहायचे, अगदी पहिल्या घरात. पोरीने वर राहायला बोलावून बोलावून तोंडाची वाफ दवडली होती. त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीमागे वीस-पंचवीस कुई, म्हणजे गिनीपिग होते, गुबगुबीत, सारखे चिवचिवणारे, खायला आणि विकायला पाळलेले. ते सोडून वर येऊन काय पोरीच्या फरशीवर गवत पसरू, असं ते म्हणायचे.

"आला का तुझा बोर्ड?" पापा कुईंना ओला चारा टाकत होते.

"आला. आज वर येऊन झोपा ना, पापा. वरती डोंगरात सगळं काळं झालंय."

"इथे तर ऊन आहे."

"इथल्या उन्हाला काय विचारायचंय? पाऊस वर पडतो आणि मार खाली बसतो."

"मग तुझी ती रडकी ओरडू दे." भोंग्याला पापा रडकीच म्हणायचे. "ती ओरडली की मी उठतो. आजवर उठलो नाही असं झालंय का?"

"नाही झालं."

"बरं, आता ती ठीक झाली ना?"

इथे इर्मा म्हणाली, "झालीच समजा."

पापांनी मान हलवली आणि दुपारच्या झोपेआधी खायला उकडलेला मका आणि चीज काढलं. तिलाही दिलं. ती उभ्याउभ्याच खाऊन निघाली.

सुट्टीमुळे शाळा रिकामी होती. संगणकाच्या खोलीत कोंडलेल्या धुळीचा वास होता. इर्माने बोर्ड पाकिटातून काढला. जुन्या बोर्डासारखाच निळा, तेवढाच, तीच भोकं, तेच चौकोनी तोंड. मूळचा माल संपलाय, हा त्याचाच भाऊ आहे, असं दुकानदार फोनवर म्हणाला होता. त्या तोंडात बसणाऱ्या प्रिंटरच्या केबलने तिने तो संगणकाला जोडला. बोर्डावरचा लाल दिवा लागला आणि शेजारचा छोटा दिवा लुकलुकायला लागला. जिवंत आहे म्हणून ती खूश झाली.

मग तिने प्रोग्रॅम उघडला. तो तिच्याकडे होताच, जसाच्या तसा. आता फक्त कुठल्या पोर्टावर पाठवायचा ते निवडायचं आणि बटण दाबायचं. जुन्या बोर्डाच्या वेळी यादीत 'कॉम थ्री' यायचं. आज यादीत एकच नाव होतं, कॉम वन.

जे आहे ते निवडलं तिने. बटण दाबलं. खूप वेळ काही झालं नाही आणि मग खाली लाल अक्षरं आली: बोर्ड उत्तर देत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कॉम वन म्हणजे त्या जुनाट संगणकाच्या पाठीमागचं स्वतःचं भोक होतं, त्यात काहीच लावलेलं नव्हतं. भिंतीशी बोलावं तसं ती त्याच्याशी बोलत होती. पण यादीत नाव दिसतंय म्हटल्यावर माणसाला वाटतं, चूक समोरच्याची असणार.

तिने केबल बदलली. भोक बदललं. शेजारचा संगणक चालू केला, त्याच्या शेजारचा केला. सगळीकडे कॉम वन आणि सगळीकडे लाल अक्षरं.

"मेलेला पाठवला मेल्याने," ती दातओठ खात म्हणाली.

दाराशी खोकला आला. सातुर्निनोकाका उभे होते, टोपी हातात, बगलेत बाणांचा जुडगा.

"कोण मेला, प्रोफे?"

"बोर्ड. म्हणजे, माहीत नाही. दिवा लागतोय पण बोलत नाही."

"माझी बायको अशीच होती." काका बाकावर टेकले आणि गुडघे चोळायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "वर ढग फार बसलेत. खडकावरून कडे दिसेनात. जाऊ का परत?"

इर्माने पडद्यावरून नजर काढली नाही. "कशाला? अर्ध्या तासात होईल हे."

"नाही, म्हणजे तोवर..."

"काका, तुम्ही चढून पोचाल तोवर इथे भोंगा चालू झालेला असेल. मग परत उतरायचं. बसा गुपचूप."

काका गुपचूप बसले. खरं सांगायचं तर त्यांनाही चढायचं नव्हतं. विचारून झालं, कर्तव्य झालं, असा चेहरा करून त्यांनी मक्याची पिशवी उघडली. 'अर्धा तास' हा शब्द यंत्राजवळ बसणाऱ्या माणसाला कुठून सापडतो देव जाणे. घड्याळात तो नसतो, पण तो उच्चारला की बोलणाऱ्यालाही खरा वाटतो आणि ऐकणाऱ्यालाही.

तिने दुसरी खिडकी उघडली, डिव्हाइस मॅनेजरची, जिथे संगणकाला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची नावं असतात. पोर्टांखाली तोच एकटा कॉम वन. पण अगदी खाली 'इतर उपकरणं' असा एक कोपरा होता, आणि त्यात पिवळा त्रिकोण लावून कुणीतरी बसलं होतं: यूएसबी-सिरियल. तिने केबल काढली, नाव गेलं. लावली, नाव आलं.

म्हणजे संगणकाला बोर्ड दिसत होता. दारात कुणीतरी आलंय हे कळत होतं, पण त्याची भाषा येत नव्हती, म्हणून त्याला बाहेरच्या ओट्यावर बसवून ठेवलं होतं.

तिने उलिसेसला फोन लावला. तिसऱ्या खेपेला लागला.

"इंजे, बोर्ड नवा आलाय आणि पोर्टच दिसत नाही."

"चौकोनी तोंडाजवळ एक छोटी चिप आहे बघा. काय लिहिलंय?"

तिने बोर्ड उन्हात धरला, डोळे बारीक केले. "सीएच तीनशे चाळीस."

"हां, मग बरोबर. आपल्या आधीच्या बोर्डावर वेगळी चिप होती, तिला विंडोज आपणहून ओळखतं. हिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. इंटरनेट असेल तर बऱ्याचदा आपोआप येतो."

"इंटरनेट कुठलं? कालपासून टॉवर नुसता बोलण्यापुरता चालतोय."

"मग मी फाइल पाठवतो. छोटीशी आहे, दोन फोटोंएवढी पण नाही. छतावर जाऊन बघा, येईल. ती चालवा, पोर्ट लगेच दिसेल. आणि इर्मा..." आवाज तुटला, परत आला, "...तोवर पहाऱ्याला कुणीतरी आहे ना वर?"

इर्माने काकांकडे पाहिलं. काका एकेक दाणा तोंडात टाकत होते.

"आहे," ती म्हणाली.

कशी म्हणाली, का म्हणाली, हे तिने स्वतःला पुढे हजारदा विचारलं. लाज वाटली म्हणून, दुसरं काही नाही. बोर्ड बसवायच्या आधीच मी पहारा उठवला, हे इंजिनिअरला सांगायची लाज. पहारा लगेच परत बसवता आला असता. पण मग काकांपुढेही चूक कबूल करावी लागली असती, आणि फाइल तर येतच होती.

ती छतावर गेली. भोंगा तिथे खांबावर होता, करड्या रंगाचं मोठं तोंड खालच्या वस्तीकडे करून. खांबाच्या बुडाशी पेटी, पेटीत गाडीची बॅटरी आणि जळालेल्या बोर्डाची रिकामी जागा. फोन डोक्यावर धरून ती या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरली. पाण्याच्या टाकीपाशी फोनवर एक वर्तुळ आलं, फिरायला लागलं आणि थांबलं. ती टाकीवर चढली. वर्तुळ थोडं पुढे सरकलं.

खाली वस्तीत ऊन होतं. दोऱ्यांवर कपडे वाळत होते. पापांच्या पत्र्यावर मांजर झोपलेलं दिसत होतं. मागे, घळीच्या वरच्या अंगाला, डोंगर होता की नव्हता ते कळू नये इतकं काळं झालं होतं. इर्माची पाठ तिकडे होती, कारण सिग्नल समोरून येत होता.

वर्तुळ पुन्हा थांबलं. खालून काकांची हाक आली, "प्रोफे! झालं का?"

"होतंय!"

"मी जाऊ का वर?"

"काका, येतंय म्हटलं ना!"

ती ओरडली म्हणून काका पुन्हा आत जाऊन बसले. आणि खरंच, जणू तिच्या ओरडण्याला घाबरूनच, वर्तुळ पूर्ण झालं. फाइल आली. इर्मा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत खोलीत गेली. फोन संगणकाला जोडला, फाइल काढली, चालवली. एक छोटी खिडकी उघडली, त्यावर एकच मोठं बटण. तिने ते दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग संगणकाने ती दोन सुरांची टिणटिण केली, नवी वस्तू ओळखल्याची. पिवळा त्रिकोण गेला. पोर्टांखाली नवं नाव उभं राहिलं. कॉम थ्री.

"आलं!" ती किंचाळली. "काका, आलं!"

एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. काका उठून जवळ आले, चष्म्यातून पडद्याकडे बघत म्हणाले, "हे एवढंच? एवढ्यासाठी दुपार गेली?"

"एवढंच." तिने कॉम थ्री निवडला आणि बटण दाबलं. बोर्डावरचे दोन दिवे थरथरायला लागले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात हिरवी पट्टी भरायला लागली.

तेव्हा काकांनी मान वर केली.

"गप," ते म्हणाले, कुणी बोलत नसताना.

आवाज नव्हता अजून. खिडकीची काच दारातल्या मालमोटारीने थरथरावी तशी थरथरत होती, आणि दारात मालमोटार नव्हती. मग वास आला. ओल्या मातीचा नव्हे, फोडलेल्या दगडाचा, सुरुंगानंतर येतो तसा. कोयामार्कात तो वास तान्ह्या पोरालाही कळतो.

"आला," काका म्हणाले. बाणांचा जुडगा उचलून ते अंगणात धावले. त्यांना धावताना गावाने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

इर्माही उठली. पण तिची नजर पडद्यावर होती. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती. आता केबल काढली तर सगळं पुन्हा करावं लागेल. होतंच आलंय, झालंच. ती उभी राहिली, हात केबलवर ठेवून, आणि पट्टी भरेपर्यंत थांबली. भरली. 'पूर्ण झालं' अशी अक्षरं आली. तिने केबल ओढली आणि बोर्ड घेऊन छतावर पळाली.

छतावर पोचल्यावर तिला कळलं की बोर्ड पेटीत बसवायचा तर चार स्क्रू आहेत आणि सात तारा. कळलं, की बसवूनही उपयोग नाही, कारण वरच्या तारा तुटून गेल्या, निरोप धाडणारी पेटी लोंढ्याबरोबर वाहून गेली, आणि जाण्याआधी त्या पेटीने धाडलेला निरोप ऐकायला इथे कुणी नव्हतं. आणि मग तिसरी गोष्ट कळली, जी दुपारभर तिच्या डोळ्यांसमोर होती. भोंग्याच्या दोन तारा पेटीतून मोकळ्या लोंबत होत्या. बोर्ड काय करायचा? त्या दोन तारा एकमेकींना जोडायचा. बस्स. वर एक माणूस आणि छतावर एक माणूस असता, तर बोर्डाची गरजच नव्हती. चावी हरवली तर ड्रायव्हर दोन वायरी चिकटवून गाडी चालू करतो, हे तिने स्वतः पाहिलेलं होतं.

तिने बोर्ड खाली टाकला आणि दोन्ही तारांची टोकं एकमेकींवर दाबली.

भोंगा ओरडला.

अंगणातून काकांचा पहिला बाण सुटला, दुसरा सुटला. खाली दारं उघडली, माणसं बाहेर आली, पोरांना काखोटीला मारून चढाकडे पळाली. वरच्या रांगेतली सगळी निघाली, मधल्या रांगेतली जवळपास सगळी. इर्मा पापांच्या दाराकडे बघत होती. ते शेवटचं घर, म्हणजे लोंढ्यासाठी पहिलं. तारा बोटांत चावत होत्या, ठिणग्या उडत होत्या, तिने सोडल्या नाहीत. उठा, पापा, ती ओरडत होती, तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. उठा, ती रडतेय, उठा ना.

घळीच्या तोंडातून काळी भिंत बाहेर आली. तिच्यात घराएवढे दगड चेंडूसारखे उसळत होते. पत्र्यावरचं मांजर उडी मारून गेलं. मग पत्रा गेला.

तारा तशाच धरून ती किती वेळ उभी होती, ते कुणी सांगू शकलं नाही. बॅटरी उतरली तेव्हा भोंगा घोगरा होत होत थांबला, आणि मग काका वर आले. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

"मी विचारलं होतं," काका म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि तो म्हातारा तिच्यापुढे हमसून रडायला लागला. "मी जायला हवं होतं, पोरी. न विचारता जायला हवं होतं."

त्यांचं बरोबर होतं, आणि तिने त्यांना बसवलं होतं हेही खरं होतं.

खालच्या वस्तीतली पाच माणसं गेली. चौघं दोन दिवसांत सापडली, पापा त्यानंतर. उलिसेस बारांतेस लिमाहून आला होता, रस्ता तुटलेला म्हणून शेवटचा टप्पा चालत. छतावर पडलेला बोर्ड त्यानेच उचलला, पुसला, पेटीत बसवला. वरच्या अंगाला नव्या तारा ताणल्या. बोर्डाला काही झालेलं नव्हतं. प्रोग्रॅम नीट चढलेला होता, इर्माने अगदी व्यवस्थित चढवला होता. पहाऱ्याबद्दल त्याने तिला एक शब्द विचारला नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

"आधी सगळीकडे निरोप देऊन मगच चाचणी करू," एवढंच तो म्हणाला.

दगड उपसणाऱ्या माणसांनी इर्माला बोलावलं तेव्हा सातुर्निनोकाका तिच्याआधी पोचलेले होते. त्यांनी तोंडावरची घोंगडी तिला काढू दिली नाही. पण पाय उघडे होते. पापांच्या उजव्या पायात बूट होता, नाडी बांधलेली, नेहमीसारखी दुहेरी गाठ मारून. डावा पाय अनवाणी होता.

"दुसरा हातात होता," फावडं टेकून उभा असलेला एक जण हळूच म्हणाला. "दाराशीच होते ते. उठले होते, प्रोफे. ऐकलं होतं त्यांनी."

इर्मा चिखलात खाली बसली. तिने तो बूट हातात घेतला, त्यातला चिखल बोटाने काढला. दुसरा बूट घालून दाराबाहेर पडायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ ती हिरवी पट्टी पूर्ण भरायची वाट बघत उभी राहिली होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. पापांच्या डाव्या पायात तिने तो बूट घातला आणि नाडीला दुहेरी गाठ मारली.